आमटीत आंबट काय घालायचं

त्या पावसाळ्यात आमच्या घरातला सकाळचा पहिला उद्योग म्हणजे बाबांना वजनकाट्यावर उभं करणं. बाबा म्हणजे माझे सासरे. ते भिंतीला हात टेकवायचे, मी म्हणायचे हात काढा, ते म्हणायचे पडलो तर, आणि मग हात काढून शिक्षा झाल्यासारखे समोर बघत उभे राहायचे. आकडा मी वाचायचे, कारण सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसत नव्हता आणि नवऱ्याला बघायची हिंमत नव्हती. आकडा कालच्यापेक्षा जास्त असला की मी तो जरा हळू आवाजात सांगायचे. त्याचा उपयोग काही नव्हता, सगळ्यांना ऐकू जायचंच.

उन्हाळ्यात बाबांना एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. हृदय अशक्त झालंय, त्यामुळे अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, आडवं पडलं की धाप लागते, असं डॉक्टरांनी समजावलं. पाण्याची गोळी दिली, रोज वजन करा म्हणाले, आणि मीठ जवळजवळ बंद केलं. पुन्हा पाणी साचलं तर पुन्हा ॲडमिट व्हावं लागेल, आणि दर वेळी हृदय थोडं आणखी थकेल, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं. बाबा आणि आई, म्हणजे सासूबाई, कोकणातलं घर बंद करून आमच्याकडे मोशीला राहायला आले ते त्यामुळे. तसे दोघं इथलेच. बाबांची सगळी नोकरी पिंपरीतल्या कारखान्यात गेली, रिटायर झाल्यावर ते गावी गेले होते. परत येताना आईंनी कपड्यांची एक बॅग आणली आणि बाकी सामान म्हणजे तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकमाच्या आगळाची एक बाटली आणि आमसुलांची मोठी बरणी.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी आम्हाला एक चांगली युक्ती सांगितली होती. मीठ काढलं की जेवण अळणी लागतं, माणूस जेवत नाही, तेव्हा आंबट वाढवा. लिंबू, चिंच, कोकम, आमचूर, तुमच्या घरात जे चालत असेल ते. जिभेला काहीतरी लागलं की मिठाची आठवण कमी येते. ऐकायला सोपं होतं. पण 'तुमच्या घरात जे चालत असेल ते' हे आमच्या घरात कधीच ठरलेलं नव्हतं.

मी लातूरकडची. आमच्याकडे आंबट म्हणजे चिंच. डाळ आधी मऊ शिजवून घ्यायची, कारण आंबट आधी पडलं तर डाळ शिजता शिजत नाही. मग चिंचेचा कोळ घालायचा आणि कच्चा वास जाईपर्यंत चांगली उकळी आणायची, वर गुळाचा खडा. आईंच्या मते ही आमटी नव्हती, औषधाचा काढा होता. त्यांच्याकडे आमटी झाली की गॅस बंद करता करता चार आमसुलं टाकायची, झाकण ठेवायचं, संपलं. रंग बिघडत नाही, पित्त होत नाही, चिंचेने म्हणे सांधे धरतात. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मी हे हसून ऐकलं, नंतरची न हसता. सासू-सासरे गावी राहायला गेल्यावर माझ्या ओट्यावर चिंचेचं राज्य आलं होतं. ते आता गेलं.

तिसरा पक्ष समोरच्या दारात होता. आमची शेजारीण कानपूरकडची, तिचा नवरा माझ्यासारखाच चाकणच्या एका कंपनीत कामाला. तिच्या मते चिंच आणि कोकम दोन्ही पाण्याच्या भानगडी. भेंडीवर, बटाट्यावर, कारल्यावर गॅस बंद केल्यावर आमचूर भुरभुरायचं, भाजी कोरडीच राहते आणि आंबटही होते. आधी घातलं तर कडवट लागतं, एवढं एकच सांभाळायचं. तिने मला वाटीभर दिलं तेव्हा आईंनी बोटावर घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, फडक्याने पुसायची वस्तू लोक खातात. पण बाबांनी ती भेंडी दोनदा घेतली. आईंनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी आमचुराची वाटी फडताळात मागे गेली.

आईंनी बाबांचं जेवण आपल्या हातात घेतलं. कुकरमधून त्यांच्यापुरतं साधं वरण छोट्या पातेल्यात काढायचं, त्यात मीठ न घालता मिरची, खोबरं, जिरं, आणि मूठभर आमसुलं. मूठभर म्हणजे खरंच मूठभर, आमच्या आमटीत घालत त्याच्या कितीतरी पट. बाबा सालंसुद्धा चोखून खायचे. आई ते पातेलं चमच्याने चाखून मला म्हणायच्या, आंबट नीट पडलं ना, की मिठाची गरज नाही गो. मी एकदा चाखलं होतं. कानशिलं झिणझिणली इतकं आंबट. आहाराच्या बाईंनी सांगितलं ते हेच, असं मलाही वाटलं. बाबा पोटभर जेवत होते, आई खूश होत्या.

आणि बाबांचे पाय सुजत होते.

आधी मोज्याची खूण उमटायला लागली. मग चप्पल घट्ट झाली. मग एक दिवस ते जिन्यात मधेच थांबून बाहेरचा पाऊस बघायला लागले, आणि ते पाऊस बघत नाहीत हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. सूज थोडी उतरली, परत चढली. मीठ चुकून जातंय का बघा, ते म्हणाले. आई दवाखान्यातच दुखावल्या. घरी येऊन त्यांनी आगळाची बाटली मला दाखवली. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, सोलकढीला वापरतात. त्या म्हणाल्या, यात मीठ असतं म्हणून मी आल्या दिवसापासून झाकणसुद्धा उघडलेलं नाही, पापड नाही, लोणचं नाही, सुकी मासळी नाही, आणखी काय करू, आणि खरंच होतं ते.

माझं कंपनीतलं काम तपासणीचं. बाहेरून सुटे भाग येतात, ते मापात आहेत का बघायचं, नसतील तर चूक कुठून आली ते शोधायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्याला वाईट सवय लागते. घरात दूध उतू गेलं तरी मी कारण शोधते. नवरा म्हणतो, तू झोपेतपण गेज लावून बघतेस राव. तर त्या दिवसांत मी बसमध्ये बसले की डोक्यात एकच. मीठ येतंय कुठून? बस चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकायची, कंटेनर हॉर्न वाजवायचे, बाजूची मुलगी मोबाइलवर हसत असायची, आणि मी ब्रेडमध्ये मीठ असतं, बिस्किटात असतं, खायच्या सोड्यात असतं, असं एकेक मनातल्या मनात बाद करत जायचे. लाइनवर दोन वेळा माझं मोजणं चुकलं. असं माझं कधी होत नाही.

पहिला संशय बाबांवरच. सोसायटीच्या मागे बाकावर जुन्या कामगारांचा अड्डा असतो, बाबा सकाळी तिथे जायचे. पलीकडे वडापावची गाडी. नवऱ्याची त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, त्याला मी पाठवलं. आपल्या सत्तरीच्या बापाच्या मागे हा माणूस छत्री आडवी धरून गेला आणि पार्किंगमधल्या टेम्पोआड उभा राहिला. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला लगेच ओळखलं, बोलावून घेतलं, चहा पाजला आणि त्याच्या कंपनीची युनियन कशी नादान आहे हे ऐकवलं. बाबांनी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला आणि खाल्लं काहीच नाही. नवरा घरी येऊन म्हणाला की पुन्हा असलं काम मला सांगायचं नाही.

मग मी डबे बघायला लागले. आमचूर संपलं म्हणून नवऱ्याने दुकानातून आणलं ते पाकीट चाट मसाल्याचं निघालं. मागचा मजकूर वाचला तर पहिलंच नाव मिठाचं. ते परत पाठवलं आणि खरं आमचूर आणवलं, त्यात आंब्याशिवाय काही नव्हतं. मला वाटलं सापडलं, पण चाट मसाल्याचं ते पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. घरातल्या प्रत्येक पाकिटाची पाठ मी वाचून काढली. बरणीची पाठ वाचता येत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

मधे आईंची बहीण दिघीला आजारी पडली आणि आई काही दिवस तिच्याकडे राहायला गेल्या. जाताना मला दहा वेळा सांगून गेल्या, पातेलं वेगळं, मीठ नको, आमसुलं भरपूर. मी हो म्हणाले. आणि सरळ चिंच घातली. स्वयंपाकघर परत हातात आल्यावर माझ्याने राहवलं नाही, एवढंच त्याचं कारण. माझ्या आईकडची चिंच संपली होती, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडी आणली, कोळ काढला, गूळ अगदी नावाला. भाजीवर आमचूर. बाबांनी पहिल्या घासाला माझ्याकडे बघितलं. आमटी अर्धी ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला राग आला. इतक्या दिवसांनी घातलेली चिंच, तीही चालेना.

पण काटा खाली उतरायला लागला. रोज थोडा थोडा. मोज्याची खूण गेली, चप्पल सैल झाली, बाबा जिना न थांबता चढले. नवऱ्याने फोन करून आईंना सांगितलं, त्या तिकडे देवाला नारळ द्यायला निघाल्या. मग त्या परत आल्या, माझी आमटी बाजूला सारली, आपलं पातेलं गॅसवर चढवलं. आणि काटा परत वर.

कंपनीत आम्ही एकच प्रश्न विचारतो, काय बदललं? माल तोच, मशीन तेच, मग माणूस बदलला का? मी तो प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर आल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. बदललं होतं ते एवढंच की आई घरात आल्या होत्या. म्हणजे त्या चोरून मीठ घालतायत. मायेने घालत असतील, बाबांना अळणी जाणार नाही असं वाटत असेल, एक चिमूट, कुणाला काय कळणार. मला हे पटतही होतं आणि पटवून घ्यायचंही नव्हतं. मी मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. त्या गॅसपाशी असल्या की मी काहीतरी निमित्त काढून तिथेच घोटाळायचे. त्यांच्या हाताकडे बघायचे. त्यांना ते कळायला वेळ लागला नाही.

एक दिवस त्यांनी पातेल्यावरून हात काढला, दोन्ही तळवे उघडे करून माझ्यासमोर धरले आणि म्हणाल्या, बघ. एवढंच. मी मान खाली घातली. नवऱ्याला हे कळल्यावर तो माझ्याशी दोन दिवस नीट बोलला नाही. मी त्याला म्हटलं की मग तूच सांग मीठ कुठून येतंय, तर तो म्हणाला की मला माहीत नाही, पण माझी आई बाबांना मारायला टपलेली नाही. घरातली हवा इतकी जड झाली की कामावर जायची घाई व्हायची. समोरची शेजारीण दार उघडं दिसलं तरी आत येईनाशी झाली. बाबा तेवढे शांत होते. आपली वाटी पुसून खायचे, सालं चोखायचे, टीव्ही बघायचे. डॉक्टरांनी आता आठवडाभर बघू म्हटलं, उतरलं नाही तर ॲडमिट.

त्या आठवड्यातल्या रविवारी पाऊस जरा उघडला. आईंनी आमसुलांची बरणी उतरवली. पावसाळी हवेने आमसुलं ओलसर झाली होती, एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती एका मोठ्या स्टीलच्या ताटात पसरून गॅलरीत उन्हाच्या तिरिपेत ठेवली. दुपारी परत गोळा करून बरणीत भरली आणि ताट घासायला ठेवलं. भांडी मी घासत होते. ताट हातात घेतलं तर जिथे जिथे आमसुलं होती तिथे जांभळट डाग, आणि त्या डागांच्या कडेने पांढरं. चुन्यासारखं, पण चुना नव्हे. बारीक दाणे होते, अंगठ्याखाली करकरले. मी बोट जिभेला लावलं.

मीठ.

मी नळ बंद केला. बरणीतलं एक आमसूल काढलं, दुमडलेली साल उलगडली. आतल्या घडीत तसेच दाणे चमकत होते. मी ते तोंडात धरलं. आंबट आधी आलं, इतकं की डोळे मिटले. पण मी थांबले, थुंकलं नाही, आणि आंबट ओसरल्यावर मागून खारट आलं, समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं. इतके दिवस आंबटाने ते झाकून ठेवलं होतं. मूठभर आमसुलं, दोन वेळा, रोज. आणि आपण मीठ बंद केलं म्हणून जेवढं अळणी लागायचं तेवढी मूठ मोठी होत गेलेली.

मला शोध लागल्याचा आनंद झाला, हे खरं सांगते. क्षणभर झाला. कंपनीत असं काही सापडलं की मी मोठ्याने सांगते, सगळे जमतात. इथे सांगायचं कुणाला? आई बाहेर बाबांच्या पायाला तेल लावत बसल्या होत्या. माझ्यावर आळ घेतला होतास ना, आता बघ, असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं. पण आता मी जे सांगणार होते ते त्या आळापेक्षा वाईट होतं. चोरून घातलेलं मीठ थांबवता येतं. जे मनापासून, काळजीने, भरभरून घातलंय त्याचं काय करायचं? मी ओट्यापाशी कितीतरी वेळ ओला हात धरून उभी राहिले. सांगितलं नाही तर बाबा दवाखान्यात जाणार, तेव्हा न सांगून चालणारच नव्हतं.

मी आईंना आत बोलावलं आणि ताट पुढे केलं. त्यांनी बोट लावलं, चाखलं, आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी काहीतरी चेष्टा करतेय. मीठ नव्हे ते, म्हणाल्या, आमसुलाचं आहे ते. मी म्हटलं, आई, आमसुलाचंच मीठ. त्या खाली पाटावर बसल्या. मग हळूहळू, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलत गेल्या. रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, फोडायचे, बिया नि गर काढायचा, रस वेगळा धरून त्यात मीठ घालायचं. सालं त्या रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की परत बुडवायची, परत वाळवायची, काळी होईपर्यंत. यंदा मी जास्त मीठ घातलं, त्या म्हणाल्या. यांचं दुखणं सुरू झालेलं, पुढच्या वर्षी गावी करायला मिळेल न मिळेल, म्हटलं टिकायला हवीत. मीठ कमी पडलं की बुरशी धरते.

"मीच गो," त्या म्हणाल्या. "आगळाची बाटली बंद केली नि हे घालत बसले."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. जे खरं होतं ते बोलले, की दवाखान्यातल्या बाईंनीही कोकम घाला असंच सांगितलं होतं, दुकानात काही ठिकाणी बिनमिठाची मिळतात, त्यांना घरची कशी असतात कसं माहीत असणार. मलाही माहीत नव्हतं. त्या ऐकत नव्हत्या. एक आमसूल हातात घेऊन नखाने त्यातले दाणे खरवडत होत्या. नंतर मूठभर आमसुलं पाण्यात टाकून चोळचोळून धुतली, पाणी ओतलं, परत धुतली. मीठ गेलं तसा रंग गेला, आंबटही गेलं. शेवटी हाताला लागली ती नुसती चिवट सालं. त्यांनी ती कचऱ्यात टाकली.

तेवढ्यात दारात बाबा येऊन उभे राहिले. तेलाने पाय चमकत होते आणि सूज त्यावरून आणखीच दिसत होती. त्यांनी ताटाकडे बघितलं, उघड्या बरणीकडे बघितलं आणि म्हणाले, "सापडलं वाटतं."

आम्ही दोघी वर बघायला लागलो. मला आधी अर्थच लागला नाही. आईंना लागला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चोखणाऱ्याला कळायचं नाही होय? खारट होती चांगली."

"मग बोलला नाहीत का?"

बाबा दाराच्या चौकटीला टेकले. मग म्हणाले, "बोललो असतो तर तेवढंही गेलं असतं."

असं ते म्हणाले, अगदी साधं, जणू चहात साखर कमी आहे म्हणतायत. इतके दिवस मी टेम्पोआड माणसं उभी केली, पाकिटं वाचली, त्यांच्या बायकोच्या हातावर पहारा ठेवला, आणि हा माणूस सगळं बघत बसला होता. मला त्यांचा इतका राग आला की मी तिथून उठले. पण तोंडात अजून त्या आमसुलाची चव होती. बाबांची ती अळणी डाळ मी एकदाही वाटीभर खाल्ली नव्हती, एक चमचा फक्त. त्यामुळे राग पुरता काढताही येईना.

आई पुढे झाल्या. बरणीचं झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, तुझी चिंच दे.

मी फडताळातून चिंच काढली. ती दुकानातली होती. माझ्या आईकडून मधे नवीन आलेली तशीच पडून होती, आणि का कोण जाणे, मी लगेच लातूरला फोन लावला. माझी आई म्हणाली, चिंचेच्या गोळ्यांना खडेमीठ लावतेच की मी, कीड लागू नये म्हणून, तुझ्या आजीपासून लावतो. म्हणजे सासूबाई दिघीला गेल्या तेव्हा माझ्या डब्यात घरची चिंच शिल्लक असती, तर काटा उतरलाच नसता. मी फोन ठेवला आणि हे सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, त्यांना थोडं बरं वाटेल. त्यांनी नुसती मान हलवली.

दुकानातली चिंच त्यांनी कोमट पाण्यात भिजवली. किती घालू, कधी घालू, असं मला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला आमटीबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि मी ज्या क्षणाची वाट बघत आले होते तो हा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, डाळ शिजलीय, आता घाला, चांगली उकळू द्या. त्यांनी कोळ गाळला, घातला, वास जाईपर्यंत ढवळत उभ्या राहिल्या. बटाट्याची भाजी केली, गॅस बंद करून वर आमचूर टाकलं. नवरा जेवायला आला तेव्हा त्याला मी आतच थोडक्यात सांगितलं. तो बाबांच्या समोर जाऊन बसला आणि त्यांच्याकडे बघेचना.

आईंनी बाबांना वाढलं. आमच्या दोघांसाठी नेहमीची मिठाची आमटी होती, ती वाढली. मग आपल्या ताटात बाबांच्या पातेल्यातली घेतली. भाजीही त्यांचीच. बाबांनी घास थांबवला.

"तू कशाला अळणी खातेस?"

"मला चाखायचंय," आई म्हणाल्या, "तुम्ही काय खाता ते."

"तुला काही झालंय का? मीठ घाल."

आईंनी चमचा खाली ठेवला. आवाज चढला नाही, पण मी त्यांना तशा कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"माझ्या हाताने तुम्हाला घालत होते रोज. तुम्हाला कळत होतं ते. मला कळत नव्हतं. तुम्हाला काही झालं असतं नि मग मला कळलं असतं, तर मी काय करणार होते हो?"

बाबा खाली ताटात बघत राहिले. बाहेर सोसायटीच्या गेटवर टँकर पाणी सोडत होता, त्याचा आवाज येत होता.

मग बाबांनी वाटी उचलली. चिंचेची ती आमटी, जी मी करायचे तेव्हा ते अर्धी ठेवायचे, ती त्यांनी घोटाघोटाने सगळी संपवली आणि वाटी आईंच्या पुढे धरली. आईंनी पळीभर आणखी वाढली. थोडी ताटात सांडली. बाबांनी ती भातात कालवून घेतली.